विंचूदंशावरील संशोधन आणि त्याचे अंदाजपत्रक

सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या खोऱ्यात, महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके वसले आहेत. भाताची खाचरे, दगडी बांध, पेंढ्याच्या गंजी, जळाऊ लाकडांचे ढीग, कौलारू घरे, आणि या सर्वांच्या आश्रयाने राहणारा लाल विंचू. मोठ्या काळ्या विंचवापुढे हा अंगाने अगदी किरकोळ दिसतो. विष मात्र त्याचे कितीतरी जहाल. ते अंगात भिनले की शरीरातील चेतातंतू खवळल्यासारखे होतात, रक्तवाहिन्या आकसतात, रोगी घामाने निथळतो, हातपाय गार पडतात आणि हृदयावर इतका ताण येतो की काही तासांत फुप्फुसात पाणी भरू लागते. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झालेल्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी असे रोगी डोळ्यांदेखत दगावताना पाहिले. पुढे पोलादपूर व महाड येथे राहून त्यांनी या दंशाच्या लक्षणांची बारकाईने नोंद केली, आणि रक्तदाबावर पूर्वीपासून वापरात असलेल्या प्रॅझोसिन नावाच्या स्वस्त गोळीने आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होऊन रोगी वाचतो, हे दाखवून दिले. ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रात १९८२ व १९८६ साली त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ही हकीकत आता सर्वांना ठाऊकच आहे.

एक गोष्ट मात्र सहसा कोणी विचारीत नाही, ती म्हणजे अशा संशोधनाला खर्च काय येतो आणि तो कशाकशावर होतो. ‘एका डॉक्टराने खेड्यात राहून शोध लावला’ हे वाक्य कानाला गोड लागते. परंतु औषध खरोखर गुणकारी आहे की नाही हे ठरविण्यासाठी रोग्यांचे दोन गट करून, मोजमाप करून, नोंदी ठेवून जी परीक्षा घ्यावी लागते, तिचा हिशेब वाण्याच्या वहीइतकाच चोख असावा लागतो. तो चुकला तर परीक्षा अर्ध्यावर बंद पडते, आणि ज्या रोग्यांनी विश्वासाने आपले शरीर तीत गुंतविले त्यांचा सहभाग फुकट जातो. म्हणून अंदाजपत्रकाकडे कारकुनी काम म्हणून पाहून चालत नाही.

उदाहरणासाठी महाडचीच एक परीक्षा घेऊ. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉक्टर हिंमतराव व डॉक्टर प्रमोदिनी बावस्कर यांचा एक लेख छापून आला. प्रश्न साधा होता. नुसती प्रॅझोसिनची गोळी द्यावी, की तिच्या जोडीला विंचवाच्या विषावरील प्रतिविष, म्हणजे घोड्याच्या रक्तरसापासून तयार केलेली लस, शिरेतून द्यावी? विष अंगात भिनलेले पण हृदय व फुप्फुस अजून शाबूत असलेले ७० रोगी निवडले गेले. कोणत्या रोग्याला कोणता उपचार, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता आधी ठरलेल्या यादृच्छिक क्रमाने ठरविण्यात आले. ३५ एका गटात, ३५ दुसऱ्यात. दहा तासांनंतर पाहता, दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ रोग्यांची लक्षणे पूर्णपणे नाहीशी झाली होती. नुसत्या गोळीवर असलेल्या ३५ पैकी ८ जणांचीच. पूर्ण बरे होण्यास पहिल्या गटाला सरासरी ८ तास लागले, दुसऱ्याला पावणेअठरा. हीच परीक्षा आज महाड किंवा पोलादपूर येथे पुन्हा घ्यावयाची झाली, तर तिचे अंदाजपत्रक कसे मांडावे लागेल? पुढे जे दर येतील ते हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत; खरे दर विक्रेत्याचे लेखी दरपत्रक हाती घेऊनच लिहावयाचे असतात. हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

पहिला आकडा रुपयांचा नसतो, रोग्यांच्या संख्येचा असतो, आणि तो संख्याशास्त्रज्ञाकडून मिळवावा लागतो. पुष्कळ जण संख्याशास्त्रज्ञाला सर्व नोंदी जमल्यावर बोलावतात. हे म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया किती खोल हवा होता हे गवंड्याला विचारण्यासारखे आहे. असे समजा की, नुसत्या गोळीने दहा तासांत शंभरात ४० रोगी बरे होतात आणि प्रतिविष जोडल्यास ७५ होतील अशी अपेक्षा आहे. हा फरक खरोखरीच असेल तर तो परीक्षेत दिसून येण्याची शक्यता शंभरात ८० असावी, आणि फरक नसताना तो भासण्याची शक्यता शंभरात ५ पेक्षा अधिक नसावी, अशी रूढ अट घातली, तर दर गटात सुमारे २८ रोगी पुरतात. काही रोगी मध्येच निघून जातील किंवा पुढच्या रुग्णालयात हलवावे लागतील, म्हणून ही संख्या ३५ पर्यंत वाढवावी. परंतु अपेक्षा जर ५० वरून ६५ पर्यंतच्या सुधारणेची असेल, तर त्याच अटींवर दर गटात सुमारे १६७ रोगी लागतात. अपेक्षित फरक निम्म्याहून कमी झाला की रोग्यांची संख्या सहापटीने वाढली! खर्चाचा बहुतेक भाग रोग्यांच्या संख्येबरोबर वाढत जातो. तेव्हा अंदाजपत्रकाचे भवितव्य या एका आकड्यात ठरून जाते. पैसा कमी आहे म्हणून अपेक्षित फरक कागदावर फुगवून संख्या खाली आणणे, ही या व्यवसायातील जुनी लबाडी आहे. अशी परीक्षा शेवटी ‘फरक आढळला नाही’ असे सांगते, आणि ते फरक नव्हता म्हणून की माणसे पुरेशी नव्हती म्हणून, हे कोणालाच कळत नाही.

रोगी ७० धरले. आता ते येतात कसे? विंचू काही वेळापत्रक पाहून डंख मारीत नाही. उन्हाळ्यात, आणि पाऊस सरल्यावर भातकापणीच्या सुमारास, दंश वाढतात. भर पावसात व कडक थंडीत ते कमी होतात. शिवाय अंधारात अनवाणी पाय पडणे, अंथरुणात किंवा कपड्यात विंचू निघणे, यामुळे रोगी रात्री-अपरात्रीही येतात. म्हणजे दर तासाला नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांची नोंद घेण्यासाठी शिकलेली परिचारिका तिन्ही पाळ्यांत हजर हवी. महिना १८ हजार रुपये वेतन धरून तीन परिचारिका बारा महिने ठेवल्या तर ६ लाख ४८ हजार रुपये होतात, आणि साऱ्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम हीच ठरते. गंमत अशी की, अनुभव नसलेल्या माणसाच्या कच्च्या मसुद्यात हे कलम बहुधा नसतेच. रुग्णालयात परिचारिका आहेतच, त्या करतील, असे तो गृहीत धरतो. मग बाळंतीण अडलेली असते, एकच परिचारिका तिच्याजवळ असते, आणि विंचू चावलेल्या मुलाची पहाटे ३ वाजताची नोंद सकाळी ७ वाजता आठवणीने भरली जाते. हे कसे ओळखावे? नोंदवहीत रक्तदाबाचे सर्व आकडे शून्यावर संपू लागले, किंवा सलग सहा तासांच्या नोंदी एकाच शाईत एकाच वळणाच्या दिसल्या, की समजावे.

यानंतरचे कलम सहभागी रोग्यांना द्यावयाच्या पैशाचे. येथे तीन निराळ्या गोष्टी एकाच ‘भरपाई’ या शब्दाखाली गोळा होतात व घोटाळा होतो. पहिली गोष्ट म्हणजे संशोधनापायी रोग्याच्या पदरचा जो खर्च होतो तो परत करणे. दुसरी, त्याच्या वेळेबद्दल व गैरसोयीबद्दल काही देणे. तिसरी, परीक्षेमुळे इजा झाल्यास द्यावयाची नुकसानभरपाई. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या तिन्हींचा विचार निरनिराळा केला आहे.

पोलादपूरच्या डोंगराकडच्या एखाद्या वाडीतील शेतमजुराचे उदाहरण घ्या. विंचू चावला म्हणून तो रुग्णालयात आला, हा खर्च संशोधनाचा नव्हे; संशोधन नसते तरी तो आलाच असता. परंतु बरा वाटू लागल्यावर तो दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेला असता, आणि परीक्षेच्या नियमासाठी त्याला संध्याकाळपर्यंत थांबवून घेतले, तर त्याच्या सोबतीला आलेल्या माणसाचा एक दिवसाचा रोज बुडाला. सातव्या दिवशी तपासणीसाठी पुन्हा बोलाविले, तर दोघांचा रोज बुडाला, दोघांचे एस.टी.चे भाडे गेले आणि बाजारात जेवणही झाले. रोज ५०० रुपये, दोघांचे येण्याजाण्याचे भाडे २०० व जेवण १०० रुपये धरले तर सातव्या दिवसाच्या फेरीचे १३०० रुपये होतात. पहिल्या दिवशीच्या जादा मुक्कामाचे सोबत्याचा रोज व जेवण मिळून ६००. दर रोग्यामागे १९००, आणि ७० रोग्यांचे १ लाख ३३ हजार रुपये. हे दान नाही आणि बक्षीसही नाही. हे न दिल्यास संशोधनाचा खर्च गावातील सर्वांत गरीब माणसाच्या खिशातून वसूल केल्यासारखे होते. व्यवहारातही त्याचा परिणाम दिसतो. भाडे न मिळाल्यास सातव्या दिवशी दूरच्या वाडीतले रोगी येत नाहीत, महाड शहराजवळचे तेवढे येतात, आणि निष्कर्ष एका बाजूला कलतो.

मग अधिक दिले तर? १३०० ऐवजी १० हजार? येथे दुसरा धोका उभा राहतो. ज्या घरात महिन्याची मिळकत तेवढीच आहे, तेथे माणूस धोका न तोलता केवळ रकमेकडे पाहून होकार देईल. म्हणून रक्कम किती असावी हे संशोधकाने एकट्याने ठरवावयाचे नसते. नीतिसमितीने ती मंजूर करावी लागते. मुलांच्या बाबतीत तर नियम अधिक कडक आहे. मुलाच्या वतीने आईबापांनी संमती दिली, तर त्यांना प्रवासखर्च व किरकोळ खर्चाखेरीज मोबदला म्हणून काही देऊ नये. विंचूदंशाने मुलेच अधिक दगावतात हे ध्यानात घेतले, म्हणजे या नियमाचे मर्म कळते. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट अशी की, पैसे शेवटी एकरकमी देण्याचे कबूल करू नये. मध्येच परीक्षा सोडण्याचा हक्क रोग्याला आहे, आणि शेवटी मिळणाऱ्या रकमेच्या आशेने तो हक्क त्याने गिळून टाकावा हे योग्य नव्हे. प्रत्येक फेरीचे पैसे त्याच फेरीला, पावतीवर सही किंवा अंगठा घेऊन द्यावेत. त्यासाठी रुग्णालयाच्या पेटीत सुटी रोकड असावी लागते. ‘साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले की त्या पैशाचा हेतूच संपला.

आता तिसरी गोष्ट, इजेची नुकसानभरपाई. प्रतिविष घोड्याच्या रक्तरसाचे असल्यामुळे क्वचित एखाद्याला त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन उशाशी भरून ठेवल्याशिवाय ही लस टोचावयाचीच नसते. तरीही एखादा मृत्यू घडला आणि तो परीक्षेमुळे घडला असे ठरले, तर काय? नव्या औषधांच्या परीक्षांसाठी २०१९ साली केंद्र सरकारने जे नियम केले, त्यांत रकमेचे सूत्र दिले आहे. ८ लाख रुपये ही पायाभूत रक्कम. तिला वयाच्या अंकाने व रोगाच्या गंभीरतेच्या अंकाने गुणावयाचे आणि ९९.३७ ने भागावयाचे. हा ९९.३७ म्हणजे ६५ वर्षे व त्यावरील माणसाचा वयाचा अंक. १६ वर्षे व त्याखालील मुलाचा तोच अंक २२८.५४ आहे, कारण त्याचे पुढचे आयुष्य मोठे. गंभीरतेचा अंक मरणाच्या दारात असलेल्यासाठी अर्धा आणि निरोगी माणसासाठी ४ असा चढत जातो. १२ वर्षांचा मुलगा आणि मध्यम धोक्याचा अंक २ धरला, तर रक्कम सुमारे ३६ लाख ८० हजार रुपये होते. त्याच धोक्याचा ६५ वर्षांचा वृद्ध असेल तर १६ लाख.

हे ३६ लाख ८० हजार जरा बाजूला लिहून ठेवावेत, कारण सर्व कलमांची बेरीज झाल्यावर त्यांच्याशी तुलना करावयाची आहे. एवढी रक्कम कोणतेही लहान रुग्णालय तिजोरीत ठेवू शकत नाही. म्हणून विमा उतरवावा लागतो, आणि विम्याचा हप्ता हे अंदाजपत्रकातील स्वतंत्र कलम ठरते. ते येथे १ लाख रुपये धरू. विम्याचा कागद नीट वाचून घ्यावा. इजेवरील उपचाराचा खर्च त्यात येतो की केवळ मृत्यूचा, आणि परीक्षा संपल्यावर महिनाभराने उद्भवलेली इजा धरली जाते की नाही, हे दोन प्रश्न तरी विचारलेच पाहिजेत. इजा झालेल्या रोग्याचा उपचार, ती परीक्षेमुळे झाली नाही असे सिद्ध होईपर्यंत, विनामूल्य करावा लागतो. त्याचे बिल आधी हातात देऊन मग चौकशी करणे नियमाला धरून नाही. कोणत्याही गंभीर घटनेची खबर २४ तासांच्या आत नीतिसमितीला द्यावी लागते.

प्रयोगशाळेतील तपासण्या हे असे कलम आहे की जेथे संशोधकाचा मोह सर्वांत अधिक सुटतो. रक्त काढतोच आहोत, तर हेही पाहू आणि तेही पाहू! या मोहाला एकच प्रश्न आवर घालतो: या तपासणीचा निकाल कसाही आला, तर मूळ प्रश्नाचे उत्तर बदलेल काय? महाडच्या परीक्षेत मूळ मोजमाप रोग्याच्या खाटेजवळच करावयाचे होते. घाम थांबला काय, हातपाय ऊबदार झाले काय, नाडी व रक्तदाब ठिकाणावर आले काय. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि जागे राहणारे माणूस लागते. हृदयाचा आलेख काढणे हे एरवीच्या उपचारातही करावे लागतेच, तेव्हा त्याचा खर्च संशोधनावर टाकणे बरोबर नाही, आणि संशोधनाच्या नावाखाली काढलेला जादा आलेख रोग्याच्या बिलात घालणे हे त्याहून वाईट. प्रत्येक तपासणीपुढे ‘उपचाराची’ की ‘संशोधनाची’ असे आधीच लिहून ठेवावे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की नाही हे दाखविणारी ट्रोपोनिनची तपासणी दोन वेळा, प्रत्येकी ८०० रुपये धरून, करावयाची ठरविली तर ७० रोग्यांचे १ लाख १२ हजार होतात. ती समर्थनीय आहे, कारण विषाचा खरा घाव हृदयावर पडतो.

परंतु समजा कोणी म्हणाले, की रक्तातील विषाचे प्रमाणच मोजू या. दर रोग्याचे तीन नमुने म्हणजे २१० नमुने. तपासणी १ हजार रुपये धरली तर २ लाख १० हजार. येथे नवखा माणूस थांबतो. अनुभवी माणूस पुढे विचारतो, की ही तपासणी महाडला होणार नाही, पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत होणार. मग तोवर नमुने ठेवायचे कोठे? त्यासाठी खोल गोठविणारी पेटी हवी, दीड लाखाची. वीज गेली तर पेटी चालती ठेवणारे जनित्र हवे. कोरड्या बर्फात बांधून नमुने पाठवावयाच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ८ हजारांच्या, म्हणजे आणखी ४८ हजार. जनित्र सोडूनच बेरीज ४ लाख ८ हजारांवर जाते. तपासणीची किंमत २ लाख १० हजार आणि ती तपासणी शक्य करण्याची किंमत जवळजवळ तेवढीच. यातही पावसाळ्यात दरड कोसळून वरंध घाट किंवा आंबेनळी घाट बंद पडला, तर गाडी लांबच्या रस्त्याने जाते आणि बर्फ वाटेतच संपतो. वितळून पुन्हा गोठलेला नमुना डोळ्यांना चांगल्या नमुन्यासारखाच दिसतो, ही यातली खरी अडचण आहे. पेटीत तापमान नोंदविणारे छोटे यंत्र ठेवले असेल तरच तो ओळखता येतो. या परीक्षेपुरते पाहता हे सबंध कलम गाळावे हेच शहाणपणाचे. विष किती होते हे कळले नाही तरी रोगी दहा तासांत बरा झाला की नाही हे कळतेच.

नीतिसमितीच्या शुल्काकडे वळताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे शुल्क परवानगीची किंमत नव्हे. प्रस्ताव वाचण्याच्या श्रमाचे ते मूल्य आहे, आणि समितीने नकार दिला तरी ते परत मागता येत नाही. समितीत कमीत कमी सात सभासद असतात. त्यांत वैद्यकीय मंडळींबरोबर कायदा जाणणारा, समाजशास्त्र जाणणारा आणि कोणत्याही शास्त्राचा पंडित नसलेला एक साधा गृहस्थ किंवा गृहिणी असावी लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे निम्मे सभासद संस्थेबाहेरचे हवेत. बहुतेक समित्या औषधकंपन्यांकडून पूर्ण शुल्क घेतात आणि स्वतःच्या खर्चाने संशोधन करणाऱ्याला ते कमी करतात किंवा माफ करतात. तेव्हा आधी विचारावे. पहिल्या छाननीचे ३० हजार, वार्षिक आढाव्याचे १० हजार आणि मसुद्यातील दोन दुरुस्त्यांचे प्रत्येकी ५ हजार, असे ५० हजार येथे धरू. दुरुस्त्यांचे पैसे लोक विसरतात, आणि दुरुस्ती तर प्रत्येक परीक्षेत होतेच.

महाडपुढे मात्र शुल्काहून मोठी अडचण आहे, ती भूगोलाची. नव्या औषधाच्या परीक्षेसाठी, स्वतःची समिती नसलेल्या रुग्णालयाने दुसऱ्या ठिकाणच्या समितीची मंजुरी घेतली तर चालते. परंतु ती समिती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या त्रिज्येत असली पाहिजे. नकाशावर महाडला कर्कटकाचे टोक ठेवून वर्तुळ काढले तर पुणे, सातारा आणि अलिबाग ही तिन्ही त्याच्या बाहेर पडतात. नियमामागील हेतू चांगला आहे. समितीने कधीही उठून परीक्षेच्या जागी जाऊन पाहावे. पण त्यामुळे अशा गावाला स्वतःचीच समिती उभारून तिची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. गावात तोच डॉक्टर रुग्णालयाचा मालक, तोच उपचार करणारा आणि तोच संशोधक असतो. त्याला ‘नाही’ म्हणू शकेल असा वकील, असा शिक्षक, असा शेजारी समितीवर बसविणे हे काम पैशाने होत नाही. पैसा लागतो तो त्यांच्या येण्याजाण्याला, सभेच्या इतिवृत्ताला आणि कागदपत्रांच्या कपाटाला. परीक्षेची नोंद सरकारी नोंदवहीत पहिला रोगी घेण्यापूर्वी करावी लागते. ती विनामूल्य आहे. हे एकच कलम असे की ज्यापुढे निर्धास्तपणे शून्य लिहावे.

राहिले औषध आणि माहितीचे विश्लेषण. प्रतिविषाच्या दर रोग्यास तीन कुप्या धरल्या, तर ३५ जणांच्या १०५. फुटतूट व मुदत संपणे जमेस धरून १२०, आणि दर कुपीस ६०० रुपये धरून ७२ हजार. गोळीची किंमत या बेरजेत दिसणारही नाही. विश्लेषणाला ९५ हजार धरावेत. त्यांपैकी ६० हजार संख्याशास्त्रज्ञाचे, आरंभी व शेवटी अशा दोन हप्त्यांत. बाकीचे नोंदपुस्तिकांची छपाई आणि त्यांतील आकडे यंत्रावर चढविणे यासाठी. आकडे दोन निरनिराळ्या माणसांनी स्वतंत्रपणे चढवावेत आणि मग दोन्ही प्रती यंत्राकडून ताडून पाहाव्यात. नाडीचे १०८ चुकून १८० झाले, तर एकट्याने कितीही वेळा वाचले तरी ते डोळ्यांतून निसटते. दोघांची चूक एकाच ठिकाणी सहसा होत नाही. विश्लेषणाची आज्ञावली विकत घेण्याची गरज उरलेली नाही. त्या कामाच्या उत्तम आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. मोल आहे ते माणसाच्या विचाराचे.

महाडच्या परीक्षेला एक मर्यादा होती आणि ती लेखकांनी छापील लेखात उघड सांगितली आहे: कोणाला काय दिले हे डॉक्टर व रोगी दोघांनाही ठाऊक होते. हे झाकावयाचे तर प्रतिविषासारखीच दिसणारी निर्विष कुपी कारखान्याकडून मुद्दाम बनवून घ्यावी लागते, आणि ती देणारा व तपासणारा अशी दोन निराळी माणसे लागतात. लहान रुग्णालयाला हे झेपत नाही. मधला मार्ग असा की, दहाव्या तासाला रोग्याचे हातपाय पाहण्यासाठी उपचारात भाग न घेतलेला दुसरा डॉक्टर बोलवावा. त्याची दर भेटीची फी धरली तर निष्कर्षाचे वजन पुष्कळ वाढते. पण तो रात्री २ वाजता येईल काय, हे आधी विचारून घ्यावे. त्याचे कलम ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे मांडावे.

आता बेरीज. परिचारिका ६ लाख ४८ हजार, रोग्यांचा खर्चभरणा १ लाख ३३ हजार, तपासण्या १ लाख १२ हजार, समिती ५० हजार, प्रतिविष ७२ हजार, विश्लेषण ९५ हजार आणि विमा १ लाख. एकूण १२ लाख १० हजार. त्यावर अडीअडचणीसाठी दहा टक्के धरले तर १३ लाख ३१ हजार रुपये. मघाशी बाजूला लिहून ठेवलेले ३६ लाख ८० हजार आता याच्याशेजारी मांडून पाहावेत. एका मुलाच्या मृत्यूची भरपाई सबंध संशोधनाच्या पावणेतीनपट होते. म्हणून पैशाची चणचण भासली की विम्याच्या कलमावर पहिली रेघ ओढणारा माणूस बचत करीत नसतो. तो धोका उचलून त्या मुलाच्या आईबापांच्या अंगणात नेऊन ठेवीत असतो.

एक कलम परीक्षा संपल्यावरचे आहे. संमतिपत्रे, नोंदपुस्तिका, पावत्या ही सर्व कागदपत्रे परीक्षा संपल्यानंतरही काही वर्षे जपून ठेवावी लागतात. परिषदेच्या मार्गदर्शनाप्रमाणे निदान तीन वर्षे, नव्या औषधाची परीक्षा असेल तर पाच. दुसऱ्या गावी यासाठी एक लोखंडी कपाट पुरे. महाडात २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी बाजारपेठेतील घरांत शिरले आणि तळमजले बुडाले. तेथे कपाटाबरोबर वरच्या मजल्यावरील खोलीचे भाडेही लिहावे लागते, आणि प्रत्येक पुस्तिकेची एक प्रत छायाचित्राने उतरवून तालुक्याबाहेर ठेवण्याचा खर्चही.